जेवण ६२५, खोली ५६३

केंद्र सरकारी कार्यालयातला वरिष्ठ लिपिक नागपूरहून सोलापूरला दौऱ्यावर गेला, तर सरकार त्याला दिवसाच्या जेवणाखाणापोटी ६२५ रुपये देतं. रात्री अंग टाकायला लागणाऱ्या खोलीसाठी देतं जास्तीत जास्त ५६३. दोन वेळची थाळी आणि चहा-नाश्ता महाग आणि लॉजची खोली स्वस्त असलेलं शहर महाराष्ट्रात कुठे असेल, तर ते शोधून काढायला हवं. तरीही हे आकडे चुकून पडलेले नाहीत. ते कुठून आले आणि दौऱ्यावर जाणाऱ्याच्या खिशावर त्यांचा काय परिणाम होतो हे नीट पाहिलं, की श्रेणीनुसार मिळणाऱ्या दौरा भत्त्याचं सगळं गणित उलगडतं.

खासगी कंपन्यांचे याबाबतचे नियम ज्याचे त्याचे असतात आणि राज्य सरकारचेही वेगळे आहेत. इथे आपण केंद्र सरकारची पद्धत घेऊ. ती लाखो कर्मचाऱ्यांना लागू आहे आणि अनेक सार्वजनिक उपक्रम, विद्यापीठं आणि संस्था आपले दर ठरवताना तिच्याकडेच बघतात. सध्याची चौकट सातव्या वेतन आयोगाची आहे. न्यायमूर्ती अशोककुमार माथूर यांच्या अध्यक्षतेखालच्या या आयोगाचा अहवाल नोव्हेंबर २०१५ मध्ये आला आणि भत्त्यांचे नवे दर १ जुलै २०१७ पासून लागू झाले. अर्थ मंत्रालयाच्या खर्च विभागाने १३ जुलै २०१७ रोजी काढलेला आदेश आजही प्रत्येक लेखा शाखेत हाताशी ठेवलेला असतो.

या आदेशात माणसाचं पद विचारलेलं नाही, वेतनस्तर विचारला आहे. वेतनाच्या तक्त्यात १ ते १८ असे स्तर आहेत आणि दौऱ्यासाठी त्यांचे पाच गट पाडले आहेत. स्तर ५ पर्यंतचे शिपाई, लिपिक वगैरे एका गटात. स्तर ६ ते ८ मध्ये निरीक्षक, सहायक, अधीक्षक अशी मधली फळी. ९ ते ११ हा तरुण अधिकाऱ्यांचा गट. मग १२ आणि १३, आणि शेवटी १४ व त्यावरचे, म्हणजे सहसचिव दर्जाचे आणि त्यांच्याही वरचे.

प्रवासाचं तिकीट हा त्यातला सगळ्यात सोपा भाग. पहिल्या गटाला रेल्वेचा थ्री टिअर एसी किंवा एसी चेअर कार. स्तर ६ ते ११ ला टू टिअर एसी किंवा विमानाचा इकॉनॉमी वर्ग. १२-१३ ला इकॉनॉमी किंवा रेल्वेचा फर्स्ट एसी आणि १४ च्या वर विमानाचा बिझनेस वर्ग. तिकीट जितक्याचं, तितके पैसे मिळतात, त्यामुळे तिथे वाद फारसे होत नाहीत. विमानाचं तिकीट मात्र मनाला येईल तिथून काढता येत नाही. बामर लॉरी, अशोक ट्रॅव्हल्स आणि आयआरसीटीसी या तीनच संस्थांकडून ते घ्यावं लागतं. जून २०२२ च्या आदेशाप्रमाणे प्रवासाच्या निदान २१ दिवस आधी आणि त्या वेळेच्या टप्प्यातलं सगळ्यात स्वस्त तिकीट काढावं अशी अपेक्षा आहे. ७२ तासांच्या आत काढलं, तर कारण लिहून द्यावं लागतं. दौऱ्याचा हुकूम आदल्या संध्याकाळी हातात पडणाऱ्याला २१ दिवसांचा हा नियम वाचून हसू येत असणार.

तिकिटाच्या पुढचा सगळा खर्च दैनिक भत्त्यात येतो. त्याचे तीन भाग आहेत: राहण्याचा खर्च, शहरातल्या शहरात फिरण्याचा खर्च आणि जेवण. हे तीन भाग तीन वेगवेगळ्या तत्त्वांवर चालतात. बहुतेकांचं टी.ए. बिल अडकतं ते हे लक्षात न घेतल्यामुळे.

जेवणाचे पैसे घड्याळावर मिळतात. तुम्ही काय खाल्लं, कुठे खाल्लं, खाल्लं तरी का, हे कोणी विचारत नाही. बिल लागत नाही. ठरलेली ठोक रक्कम असते आणि मुख्यालयाबाहेर किती तास होतात त्यावर तिचा किती हिस्सा मिळणार ते ठरतं. सहा तासांपेक्षा कमी असेल तर ३० टक्के, सहा ते बारा तास असेल तर ७० टक्के, बारा तासांच्या वर पूर्ण. यातली मेख अशी, की तास मोजायचे ते मध्यरात्रीपासून मध्यरात्रीपर्यंत, म्हणजे प्रत्येक तारखेचे वेगळे.

त्यामुळे गमती होतात. नागपूरहून एक जण सकाळी आठला वर्ध्याला गेला आणि रात्री आठच्या ठोक्याला परतला. बारा तास भरले, पण बारा तासांच्या ‘वर’ झाले नाहीत, म्हणून ७० टक्के. साडेआठला परतला असता तर पूर्ण भत्ता मिळाला असता. दुसरा संध्याकाळी सहाला निघाला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला परतला. तोही बाराच तास बाहेर होता. पण मध्यरात्रीने त्याचे दोन तुकडे केले, सहा तासांचा प्रत्येक तुकडा ७० टक्क्यांच्या रांगेत बसला आणि त्याला १४० टक्के मिळाले. पहिल्यापेक्षा दुप्पट. तिसरा रात्री नऊला निघून पहाटे तीनला परत आला, तर तीन-तीन तासांचे दोन तुकडे, म्हणजे ३० आणि ३० मिळून ६० टक्के. तेच सहा तास एका तारखेत असते तर ७० मिळाले असते. यात कोणी लबाडी केलेली नाही. कुठेतरी रेघ मारावीच लागते आणि रेघेच्या दोन्ही बाजूंना असं होतंच. पण म्हणूनच टी.ए. बिलात निघण्याची आणि पोहोचण्याची वेळ हा सगळ्यात महत्त्वाचा रकाना आहे. तो रिकामा सोडला किंवा त्यात नुसतं ‘सकाळी’ लिहिलं, की बिल परत येणार हे नक्की समजावं. गाडी पहाटे ५.५० ला येणार होती आणि प्रत्यक्षात ६.२० ला आली, तर भरलेली वेळ प्रत्यक्षातली हवी. त्या अर्ध्या तासाने ३० चे ७० टक्के होतात.

आणखी एक अट आहे. ज्या दिवशी तुम्ही मुख्यालयापासून आठ किलोमीटरच्या बाहेर गेलाच नाहीत, त्या दिवसाचा दैनिक भत्ता मिळत नाही. गावातल्या गावात दुसऱ्या कार्यालयात बैठकीला जाणं हा दौरा नव्हे.

राहण्याच्या पैशांचं तत्त्व नेमकं उलट. तिथे दिलेला आकडा ही मर्यादा आहे. खर्च झाला तेवढाच मिळतो आणि मर्यादेच्या पलीकडचा आपल्या खिशातून जातो. ‘माझी हॉटेलची पात्रता २,२५० आहे, मी १,४०० च्या खोलीत राहिलो, उरलेले ८५० द्या’ असं म्हणता येत नाही. नवे लागलेले अधिकारी हे हमखास विचारतात. २०१७ मध्ये या मर्यादा अशा होत्या: स्तर ५ पर्यंत दिवसाला ४५० रुपये, ६ ते ८ ला ७५०, ९ ते ११ ला २,२५०, १२-१३ ला ४,५०० आणि १४ च्या वर ७,५००. जेवणाची ठोक रक्कम याच क्रमाने ५००, ८००, ९००, १,००० आणि १,२००.

हे दोन क्रम एकमेकांशेजारी ठेवून बघा. जेवणाच्या रकमेत सगळ्यात वरचा आणि सगळ्यात खालचा यांच्यात अडीच पटीपेक्षा कमी अंतर आहे. खोलीच्या रकमेत ते जवळपास सतरा पट आहे. आणि स्तर ८ वरून ९ वर जाताना जेवण शंभर रुपयांनी वाढतं, खोली मात्र एकदम तिप्पट होते. स्तर ८ चा अधीक्षक आणि स्तर १० चा त्याचा साहेब एकाच टू टिअर डब्यात समोरासमोरच्या बर्थवर झोपून येतात, कारण तिकिटाच्या बाबतीत ते एकाच गटातले. स्टेशनवर उतरले की साहेब हॉटेलकडे जातो आणि अधीक्षक ओळखीच्या माणसाला फोन लावतो.

हे असं का, याचं उत्तर २०१७ मध्ये नाही, २००८ मध्ये आहे. सहाव्या वेतन आयोगाने ठरवलेल्या खोलीच्या मर्यादा होत्या ३००, ५००, १,५००, ३,००० आणि ५,००० रुपये. महागाई भत्ता ५० टक्क्यांनी वाढला की दौऱ्याचे दर २५ टक्क्यांनी वाढवायचे असा नियम तेव्हाच घातला होता. २०१४ पर्यंत महागाई भत्ता १०० टक्के झाला आणि दर दोनदा वाढून दीडपट झाले: ४५०, ७५०, २,२५०, ४,५००, ७,५००. म्हणजे २०१७ ला ‘नवे’ म्हणून जाहीर झालेले खोलीचे आकडे आधीपासूनच चालू होते. सातव्या आयोगाने त्यांना हातच लावला नाही.

जेवणाला मात्र लावला. पूर्वी जेवणाचंही बिल द्यावं लागे आणि खालच्या गटाची मर्यादा २००८ मध्ये दिवसाला १०० रुपये होती, वाढून १५० झाली. वडापाव आणि चहाचं पक्कं बिल कोण देणार? मग कुठल्या तरी खानावळीतून कोऱ्या पावत्यांचं पुस्तक मिळवायचं, असले उद्योग सरसकट चालत. रेल्वेत मात्र कर्मचाऱ्यांना ठोक रक्कम देण्याची पद्धत आधीपासून होती. आयोगाने तीच सगळीकडे लावा म्हटलं आणि रकमाही सुचवल्या. लिपिकाच्या जेवणाचे १५० चे ५०० झाले, तेही बिलाशिवाय. हा बदल फार शहाणपणाचा होता. पावत्या तपासण्यात लेखा शाखेचा वेळ जायचा तो वाचला आणि शंभर रुपयांसाठी खोटं लिहायची पाळी कोणावर आली नाही. पण जेवण २०१७ च्या भावाने आणि खोली २००८ च्या भावाने, असा एक विचित्र जोड त्यातून तयार झाला.

पुढे १ जानेवारी २०२४ पासून महागाई भत्ता ५० टक्क्यांवर पोहोचला आणि सगळे दर पुन्हा २५ टक्क्यांनी वाढले. त्यामुळे आज खोलीच्या मर्यादा साधारण ५६३, ९३८, २,८१३, ५,६२५ आणि ९,३७५ अशा आहेत, तर जेवण ६२५, १,०००, १,१२५, १,२५० आणि १,५००. खालच्या दोन्ही गटांत खोलीपेक्षा जेवण महाग. ३०० रुपयांची खोली सोळा वर्षांत ५६३ वर आली. या नियमात वाढीचा वेग महागाईच्या निम्मा ठेवलेला आहे, हेही विसरता कामा नये. महागाई भत्ता ५० ने वाढणार तेव्हा दर २५ ने वाढणार, म्हणजे दर फेरीला खर्च आणि मर्यादा यांच्यातली दरी रुंदच होत जाते.

आयोगाला हे अगदीच दिसलं नव्हतं असं नाही. मोठ्या शहरांसाठी त्याने एक खिडकी उघडली. मुंबई, पुणे, दिल्ली, कोलकाता, चेन्नई, बंगळूर, हैदराबाद आणि अहमदाबाद ही आठ शहरं ‘एक्स’ वर्गात मोडतात. तिथे राहिलं तर स्तर ८ पर्यंतच्या सगळ्यांना दिवसाला १,००० रुपयांपर्यंत, म्हणजे २५ टक्के वाढ धरून आता १,२५०, मिळू शकतात. अट एवढीच, की हॉटेलचं बिल जोडायला हवं. एरवी स्तर ८ पर्यंतच्या कर्मचाऱ्याला खोलीचं बिल लागत नाही. किती दिवस राहिलो, कुठल्या लॉजमध्ये राहिलो हे स्वतः लिहून सही केली की मर्यादेपर्यंतचे पैसे मिळतात. याला स्वयंप्रमाणन म्हणतात.

शहरातल्या फिरण्यालाही तशीच सवलत आहे आणि ती स्तर ११ पर्यंत पोहोचते. तिथे तारीख आणि गाडीचा नंबर लिहावा लागतो. म्हणून दौऱ्यावर मुरलेली माणसं रिक्षातून उतरताना तिचा नंबर डायरीत टिपून घेताना दिसतात. या फिरण्याची मर्यादा आज खालून वर साधारण १४१, २८१ आणि ४२३ रुपये दिवसाला अशी आहे. १२-१३ स्तराला पन्नास किलोमीटरपर्यंत साध्या टॅक्सीचं भाडं मिळतं आणि १४ च्या वर एसी टॅक्सीचा होईल तो खर्च.

आता हे सगळं एका दौऱ्यावर लावून बघू. नागपूरच्या एका केंद्रीय कार्यालयातले तिघे जण मुंबईला निघाले आहेत, असं समजा. वरिष्ठ लिपिक स्तर ४ चा, अधीक्षक स्तर ८ चा आणि सहायक आयुक्त स्तर १० चा. वांद्रे-कुर्ला संकुलात मंगळवार ते गुरुवार तीन दिवस बैठका आहेत. सोमवारी रात्री पावणेनऊला गाडी नागपूर सोडते, मंगळवारी सकाळी मुंबईत पोहोचते. मंगळवार आणि बुधवारच्या रात्री मुक्काम. गुरुवारी रात्रीच्या गाडीने परत, शुक्रवारी सकाळी साडेसातला नागपूर.

जेवणाचा हिशेब तिघांचा सारखाच. सोमवारी मध्यरात्रीपर्यंत सव्वातीन तास, म्हणजे ३० टक्के. मंगळवार, बुधवार, गुरुवार पूर्ण. शुक्रवारी मध्यरात्रीपासून साडेसात तास, म्हणजे ७० टक्के. बेरीज बरोबर चार दिवसांची होते. लिपिकाला २,५०० रुपये, अधीक्षकाला ४,०००, साहेबांना ४,५००.

मुंबईत सीएसएमटीच्या आसपास किंवा दादरला बऱ्यापैकी स्वच्छ, एकट्याची खोली १,८०० च्या खाली मिळवायची तर नशीब लागतं. लिपिक आणि अधीक्षक दोघेही तशाच लॉजमध्ये उतरले असं धरू. दोन रात्रींचे ३,६०० झाले. मुंबई ‘एक्स’ वर्गात असल्याने रीतसर बिल जोडून दोघांनाही २,५०० मिळतील. खिशातून गेले १,१००. लिपिकाच्या जेवणाच्या अडीच हजारांतून हे वजा केले, तर सोमवारच्या रात्रीपासून शुक्रवारच्या सकाळपर्यंत खायला राहिले १,४०० रुपये.

पण लॉजवाल्याने पक्कं बिल दिलं नाही तर? तो म्हणाला, बिल हवं तर भाडं वेगळं लागेल. हे मुंबईत नवीन नाही. मग लिपिकाला फक्त स्वयंप्रमाणनाची मर्यादा उरते, दोन दिवसांचे १,१२५ रुपये. खर्च ३,६००, खिशातून गेले २,४७५. जेवणाच्या २,५०० मधून चार दिवसांत त्याच्या हाती उरतात २५ रुपये. सरकारने त्याला जेवणाचे पैसे दिले आणि त्याने ते झोपण्यात घालवले. अधीक्षकाला बिलाशिवाय १,८७५ मिळतील, त्याचे १,७२५ जातील, पण जेवणाची रक्कम मोठी असल्याने त्याचं कसंबसं भागेल.

साहेबांनी २,८०० च्या हॉटेलात मुक्काम केला. बिल ५,६०० चं, मर्यादेत बसलं, पूर्ण मिळालं. जेवणाचे साडेचार हजार जसेच्या तसे हातात. शहरात फिरण्याचे तीन दिवसांचे त्यांना १,२६८ पर्यंत मिळतात, लिपिकाला ४२४. सीएसएमटीहून बीकेसीला टॅक्सीने एका वेळचेच तीन-साडेतीनशे होतात, तेव्हा लिपिकाने लोकलने किंवा मेट्रोने जावं हे त्या १४१ मध्येच लिहिलेलं आहे.

तिकीट सोडून एकूण पाहिलं, तर लिपिकाला बिल जोडून साधारण ५,४२४ रुपये मिळाले आणि साहेबांना ११,३६८. म्हणजे दुपटीच्या थोडं वर. दोघांचं मूळ वेतन सुरुवातीला २५,५०० आणि ५६,१०० असतं, त्यातही सव्वादोन पटीचाच फरक. कागदावर पाहणाऱ्याला म्हणूनच हे सगळं प्रमाणात वाटतं. पण लॉजवाला वेतनस्तर पाहून भाडं लावत नाही. पगार श्रेणीनुसार असणं समजतं, थोडी आरामदायक गाडी मिळणंही समजतं. साहेबाचा खर्च पूर्ण भागतो आणि लिपिक स्वतःच्या पदरचे घालतो, इथे श्रेणीचा संबंध संपतो. दौरा दोघांनी सरकारच्याच कामासाठी केलेला असतो.

याचे परिणाम कार्यालयात काम केलेल्या प्रत्येकाने पाहिलेले असतात. खालच्या श्रेणीतली माणसं दौऱ्यावर नातेवाइकांकडे उतरतात. तिथे त्यांचा राहण्याचा खर्च झालेला नसतो, म्हणून तो मागायचाही नसतो. पण स्वयंप्रमाणनात एखाद्या लॉजचं नाव टाकून ५६३ घ्यायचा मोह होतो, कारण मागच्या दौऱ्यात खिशातून गेलेले पैसे आठवत असतात. हा मोह टाळायलाच हवा. बिल लागत नाही याचा अर्थ कोणी कधी विचारणार नाही असा नाही. नाव दिलेल्या लॉजच्या नोंदवहीत तुमची नोंद नसेल, तर प्रकरण पाचशे रुपयांचं राहत नाही, खोट्या प्रमाणपत्राचं होतं. शिस्तभंगाच्या चौकशीत त्याची किंमत पेन्शनपर्यंत जाऊ शकते.

त्यापेक्षा दोघांनी मिळून एक खोली घेणं बरं. मुंबईत दोघांचे मिळून अडीच हजार होतात आणि तेवढ्यात बरी डबल रूम मिळू शकते. बिल मात्र एकाच्या नावावर फाडून घेऊ नका. दोघांची नावं आणि प्रत्येकाचा वाटा बिलावर लिहून घ्या, नाहीतर दुसऱ्याचे पैसे अडकतात. खोलीच्या भाड्यात नाश्ता, जेवण धरलेलं बिलही नको. जेवणाची ठोक रक्कम वेगळी मिळते, म्हणून खाण्याचा आकडा त्यातून कापला जातो. भाडं वेगळं दाखवायला सांगा. सरकारी विश्रामगृह मिळत असेल तर त्याच्या इतकं स्वस्त काहीच नाही, फक्त अर्ज दौऱ्याचा कार्यक्रम मंजूर झाल्या दिवशीच करायला हवा.

दुसरं संकट मुदतीचं. पूर्वी टी.ए. बिल वर्षभरात कधीही दिलं तरी चालत असे. मार्च २०१८ पासून ही मुदत प्रवास संपल्यापासून ६० दिवसांवर आली. त्यानंतर हक्क बुडतो. अ‍ॅडव्हान्स उचलला असेल तर आणखी घाई, परतल्यावर १५ दिवसांत हिशेब द्यावा लागतो. नाही दिला तर अ‍ॅडव्हान्स पगारातून वसूल होतो आणि वर दंडाचं व्याज लागतं. दौऱ्यावरून आल्याबरोबर तिकीट, हॉटेलचं बिल आणि वेळांची डायरी एका पाकिटात घालून त्याच आठवड्यात फॉर्म भरून टाकणारे लोक कधी तोट्यात जात नाहीत. बाकीचे साठाव्या दिवशी बोर्डिंग पास शोधत बसतात.

खासगी नोकरीत असणाऱ्यांनाही यातून एक गोष्ट उचलण्यासारखी आहे. आपल्या कंपनीच्या नियमांत प्रत्येक रकमेपुढे ती ठोक आहे की मर्यादा, हे आधी विचारून घ्यावं. ‘पर डे’ म्हणून लिहिलेला आकडा कित्येकदा बिलाच्या बदल्यातली मर्यादा निघतो आणि ते महिनाअखेरीला कळतं. प्राप्तिकराच्या बाबतीत, कामानिमित्तच्या दौऱ्यासाठी मिळालेला भत्ता जितका खरोखर त्या कामी खर्च झाला तितका करमुक्त असतो आणि ही सवलत नव्या करप्रणालीतही कायम आहे. खर्च न झालेली शिल्लक हे उत्पन्न धरलं जातं, म्हणून खासगी कंपन्या बिलांचा आग्रह धरतात तो अगदीच विनाकारण नसतो.

न्यायमूर्ती रंजना प्रकाश देसाई यांच्या अध्यक्षतेखाली आठवा वेतन आयोग नेमला गेला आहे. त्याच्यापुढे पगाराचे मोठे प्रश्न असतील आणि दौऱ्याच्या भत्त्याचं प्रकरण नेहमीप्रमाणे शेवटच्या पानांवर जाईल. पण जेवणाच्या बाबतीत सातव्या आयोगाने जे केलं, ते खोलीच्या बाबतीत करायला आता हरकत नाही. मोठ्या शहरांसाठी वेगळी मर्यादा हे तत्त्व सरकारने २०१७ मध्येच मान्य केलं आहे, फक्त ते स्तर ८ पर्यंत आणि आठ शहरांपुरतं अडकवून ठेवलं आहे. खोलीची निदान एक किमान मर्यादा शहर पाहून ठरावी आणि ती प्रत्येक स्तराला सारखी असावी. त्यावर कोणाला किती चांगलं हॉटेल द्यायचं ते श्रेणीवरून खुशाल ठरवा. कर्मचारी संघटनांनी महागाई भत्त्याच्या मागणीइतक्याच जोरात ही एक ओळ आपल्या निवेदनात घालायला हवी.